रात्री मीटर का पळतो?

नमस्कार मंडळी. आजचा विषय तुमच्या-आमच्या घरातला, चार माणसांच्या कुटुंबाचं किराणा, वीज आणि फोनचं बिल कमी करायचं, पण कुणाच्या सुखाला हात न लावता. म्हणजे गार पाण्याने आंघोळ करा, पंखा बंद ठेवा असलं काही मी सांगणार नाहीये. वेळ थोडा आहे आणि मला ओळखणाऱ्यांना माहितीच आहे की मी विजेवरच जास्त रमणार.

माझा एक मित्र, नवरा-बायको आणि दोन मुलं, बिल बघून सारखा वैतागायचा आणि राग काढायचा मुलांवर. पोरगा मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावतो, पोरगी बाथरूमचा दिवा विसरते, दिवसभर हेच. मी म्हटलं अरे बाबा, मोबाईल एकदा फुल चार्ज व्हायला जेमतेम वीस वॅट-तास लागतात, रोज चार्ज केला तरी महिन्याला अर्धा-पाऊण युनिट. नऊ वॅटचा एलईडी बल्ब रात्रभर विसरला तरी युनिटचा दहावा भागसुद्धा जळत नाही. (एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास, एवढं लक्षात असू द्या, पुढे लागेल.) दिव्यावरून मुलांना ओरडणं हा मोठ्यांचा छंद आहे हो, बचतीशी त्याचा फारसा संबंध नाही, असं माझं जुनं मत आहे.

तर मी त्याला सांगितलं की सगळे झोपायला गेले की मीटरचा आकडा लिहून ठेव, पॉइंटनंतरचा सुद्धा, आणि सकाळी कुणी काही चालू करायच्या आधी परत लिही. त्याने रात्री अकराला लिहिला, सकाळी सहाला लिहिला. सात तासांत फरक आला १.८ युनिट. आता झोपलेल्या घरात चालू काय असतं? फ्रीज, राउटर, टीव्हीचा बॉक्स, बस. पंखे-एसी त्या दिवसांत लागत नव्हते. फ्रीजचे साधारण ०.३५ धरा आणि बाकी किरकोळ मिळून ०.२, म्हणजे अर्ध्या युनिटच्या आसपास. मग वरचे सव्वा युनिट खातंय कोण? परत सांगतो, रात्रीचा आकडा, सकाळचा आकडा, आणि मधला फरक. दिवसा सगळंच चालू असतं त्यामुळे चोर सापडत नाही, रात्री सापडतो.

पुढच्या रात्री मी गेलोच त्याच्याकडे. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही दोघं खरंच मीटरसमोर बसणार? बसलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो बघा, त्याच्या शेजारी छापलेलं असतं, याच्या मीटरवर होतं `3200 imp/kWh`. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, तो वाचा. तर आम्ही खुर्च्या टाकून बसलोय, दिवा आपला दर आठ-दहा सेकंदांनी एकदा लुकलुकतोय, फ्रीज आणि राउटर, ठीक आहे, मित्र जांभया देतोय, मला म्हणतो तू उगाच डोक्याला ताप देतोस, आणि तेवढ्यात दिवा एकदम पिसाळला, सेकंदाला जवळजवळ दोनदा. मी घड्याळ लावलं, मिनिटाला एकशे दहाच्या पुढे. गुणिले साठ, भागिले ३२००, दोन किलोवॅटच्या थोडं वर! पाच-सहा मिनिटं चाललं आणि परत शांत. तासाभराने पुन्हा तेच.

दोन किलोवॅट आणि तेही आपोआप चालू-बंद होणारं, म्हणजे पाणी तापवणारी टाकी, गिझर. खात्री करायला पुढच्या वेळी दिवा पिसाळल्यावर एमसीबी एकेक करून पाडले. (आता मला सांगा, त्या बॉक्समध्ये कुठला खटका कशाचा हे लिहून ठेवायला वायरमनला किती वेळ लागतो? दोन मिनिटं! एकाही घरात लिहिलेलं नसतं. अंधारात कोण आठवत बसणार.) चौथा पाडला आणि दिवा गप्प झाला. गिझरच.

पण मित्र म्हणाला, गिझर चालूच असतो आमचा, रात्री गरम पाणी कुणी वापरत नाही मग तो तापतोय कशासाठी? बरोबर प्रश्न. टाकी नुसती उभी राहून गार होते, त्या जुन्या मोठ्या टाकीचं ते रात्रीचं साधारण ०.४ युनिट धरलं, तरी हिशोब पुरा होईना. मग सगळे नळ तपासले. मागच्या बाथरूममध्ये, जिथे फक्त वॉशिंग मशीन आहे आणि दार कायम लोटलेलं, तिथल्या गरम नळातून दोऱ्याएवढी धार, भिंतीवरून सरळ जाळीत. आवाज नाही, काही नाही. हात लावला तर कोमट. २०० मिलीचा ग्लास धरला, चार मिनिटांत भरला. म्हणजे तासाला तीन लिटर, दिवसाला ७२ लिटर पाणी, कमीत कमी तीस डिग्रीने तापवून गटारात. त्याचे होतात दिवसाला निदान अडीच युनिट, महिन्याला पंचाहत्तर! पोराचा मोबाईल अर्धा-पाऊण, आणि हा नळ पंचाहत्तर.

दुसऱ्या दिवशी वॉशर बदलला. थर्मोस्टॅट पंचाहत्तरवर होता तो साठवर आणला. साठच्या खाली मात्र नेऊ नका, साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. नंतर रात्रीचा फरक परत मोजला, ०.९ आला. आंघोळीत कुणाला फरक कळला नाही, पोरगा अजून रात्रभर चार्जिंग करतो.

अरे, वेळ बघा, किराणा राहिलाच. किराण्याचं एवढंच, पाकिटाच्या किमतीऐवजी १०० ग्रॅमला काय पडतं ते बघा, मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतं, आणि स्वस्त असलं तरी संपायच्या आत खराब झालं तर महागच. दोन आठवडे फ्रीजवर एक कागद लावून जे फेकलं ते लिहा, कुणाला न ओरडता. जे नाव दोनदा येईल ते पुढच्या वेळी निम्मं आणा.

आणि फोन. चौघांच्या फोनच्या सेटिंगमध्ये मोबाईल डेटा किती वापरला ते दिसतं, वायफायचा सोडून फक्त मोबाईलचा बघा. ज्या घरात वायफाय आहे तिथे बऱ्याचदा एकाचाच डेटा खरा संपतो आणि बाकी तिघे तेवढाच मोठा प्लॅन उगाच भरत असतात. मात्र एका महिन्यावरून ठरवू नका, प्रवासाचा किंवा सुट्टीचा एक महिना धरून तीन महिन्यांचं बघा, आणि प्लॅन बदलायच्या आधी डेटा संपल्यावर काय होतं, स्पीड कमी होतो की जादा पैसे लागतात, ते विचारून घ्या. नमस्कार.