एकाच भावाचं नाव, तीन कागद

(फोंडा परिसरातील कारखान्यांमधले कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नॉमिनी या विषयावर बोला असं मला सांगण्यात आलं. तुमच्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे नॉमिनीचं नाव भरलेलं आहे. नोकरीला लागलो त्या दिवशी पर्सोनेलच्या माणसाने चार फॉर्म पुढे सरकवले, सह्या केल्या, विषय संपला. माझं आजचं बोलणं त्या जुन्या सह्यांबद्दल आहे. फॉर्म न भरलेला माणूस निदान काळजीत तरी असतो. पंधरा वर्षांपूर्वी भरलेला माणूस निर्धास्त असतो, आणि घोटाळा जास्त करून त्याच्याच घरी होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण. २०१० साली नोकरीला लागला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. वडील नोकरीत, आई वडिलांवर अवलंबून. त्याने पीएफच्या फॉर्म दोनवर थोरल्या भावाचं नाव घातलं. त्याच सुमारास बँकेत मुदत ठेव केली, तिथेही भाऊ. विम्याची पॉलिसी घेतली, तिथेही भाऊच. २०१५ साली लग्न झालं, मुलगी झाली. वडील वारले, तेव्हापासून आई त्याच्याकडे. आणि नोकरीत असतानाच तो अचानक गेला. पीएफमध्ये नऊ लाख, मुदत ठेव सहा लाखांची, विमा दहा लाखांचा. तिन्ही कागदांवर नाव एकच. पण तीन ठिकाणचे निकाल वेगवेगळे लागतात.

आधी पीएफ. १९५२ च्या पीएफ योजनेत परिच्छेद ६१ आहे. तो सांगतो की सभासदाला कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा. कुटुंब नसेल तर कोणाचंही नाव चालेल, पण पुढे कुटुंब झालं की ते नामांकन तात्काळ रद्द समजायचं. आता कुटुंब म्हणजे कोण, तेही योजनेनेच ठरवलंय. पुरुष सभासदाच्या बाबतीत बायको, मुलं, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, आणि मुलगा वारला असेल तर त्याची विधवा व मुलं. बाई सभासद असेल तर नवरा, मुलं, तिचे अवलंबून असलेले आईवडील आणि नवऱ्याचे अवलंबून असलेले आईवडील, शिवाय मयत मुलाची विधवा व मुलं. भाऊ आणि बहीण या यादीत कुठेच नाहीत, मग ते एकाच चुलीवर जेवत असले तरी.

म्हणजे आपल्या या तरुणाने २०१० साली भावाचं नाव घातलं ते बरोबर होतं. २०१५ साली लग्न लागलं त्या दिवशी ते नाव आपोआप गळून पडलं. त्याला कोणी पत्र पाठवलं नाही, पोर्टलवर लाल दिवा लागला नाही. भाऊ क्लेम घेऊन पणजीला पाटोवरच्या पीएफ कार्यालयात गेला तर त्याला काहीच मिळणार नाही. तिथे परिच्छेद ७० लागू होतो: कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावाचं वैध नामांकन नसेल तर कुटुंबातल्या लोकांना सारखे वाटे. इथे बायको, मुलगी आणि अवलंबून असलेली आई असे तिघे. नऊ लाखांचे तीन-तीन लाख.

त्याच्या जोडीला ईडीएलआय असतो, म्हणजे पीएफला जोडलेला विमा. नोकरीत असताना मृत्यू आला तर तो मिळतो, आणि त्यासाठी वेगळा हप्ता पगारातून कापला जात नाही, म्हणून पुष्कळ घरांना तो आहे हेच माहीत नसतं. मूळ पगार पंधरा हजारांच्या वर, पीएफची शिल्लक साडेतीन लाखांच्या वर आणि सलग वर्षभर नोकरी झालेली असेल तर ही रक्कम सात लाखांपर्यंत जाते, जी त्याची कमाल मर्यादा आहे. तीही याच तिघांत वाटली जाते. पेन्शनचं मात्र तसं नाही. विधवेला आणि पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना ती नॉमिनेशन असो वा नसो मिळतेच, फक्त क्लेम करावा लागतो.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? योग्य माणसांनाच मिळाले की पैसे. मिळाले, पण त्याच्या इच्छेने नव्हे. कदाचित त्याला सगळं बायकोला द्यायचं असेल, कदाचित आईला निम्मं. शिवाय परिच्छेद ७० मध्ये एक मेख आहे. सज्ञान मुलगा आणि जिचा नवरा हयात आहे अशी विवाहित मुलगी, यांना कुटुंबात दुसरं कोणी असेल तर वाटा मिळत नाही. पन्नाशीतल्या सभासदांनी हे ध्यानात ठेवावं. तुमचा बावीस वर्षांचा मुलगा कॉलेजात शिकतोय, त्याच्या फीसाठी हे पैसे यावेत असं वाटत असेल तर त्याचं नाव नॉमिनेशनमध्ये असायलाच हवं.

ते करायचं कसं, तर यूएएनने पोर्टलवर जायचं, Manage मध्ये E-Nomination. कुटुंबातल्या प्रत्येकाचा आधार क्रमांक, जन्मतारीख आणि फोटो लागतो. तुमच्या प्रोफाइलला तुमचाही फोटो हवा, नाहीतर गाडी पुढे जात नाही. मग कोणाला किती टक्के ते भरायचं, बेरीज शंभर. इथपर्यंत बरेच जण येतात, सेव्ह करतात आणि लॅपटॉप बंद करतात. सेव्ह केलं म्हणजे नामांकन झालं नाही. शेवटी e-Sign असतं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो घातला की मगच ते नोंदलं जातं. नंतर परत लॉगिन करून पाहा, पेंडिंग दिसत असेल तर सही राहिलीय. आणि ज्यांचं लग्न ठरलंय त्यांनी हे लग्नानंतर करायचं.

आता बँक. इथे लग्नाने नामांकन रद्द होत नाही. भावाचं नाव जसंच्या तसं जिवंत आहे. बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे बँक सहा लाख भावाच्या हाती देणार आणि मोकळी होणार. ती चूक करत नाही, तिचं कर्तव्यच ते. पण पैसे हाती येणं वेगळं आणि पैसे आपले होणं वेगळं. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक वारस. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली विम्याच्या संदर्भात हे सांगितलं, २०१० साली बँकेच्या ठेवीबद्दल, आणि २०२३ साली शेअर व म्युच्युअल फंडांबद्दल.

वारस कोण, हे ठरवताना आपण गोव्याचे वेगळे पडतो. मुंबईत राहणाऱ्या चुलतभावाचा सल्ला इथे कामाचा नाही. आपल्याकडे विवाहपूर्व करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक, आणि साधारणपणे लग्नाआधीची कमाईही त्यात येते. म्हणून २०१० सालच्या त्या ठेवीतले तीन लाख बायकोचे स्वतःचेच. ते वारसाहक्काने तिला येत नाहीत, ते तिचे होतेच. उरलेले तीन लाख नवऱ्याची वारसासंपत्ती, ती मुलीची. मूल असताना आईला वारसा मिळत नाही. भावाला तर शून्य. पण पैसे आहेत त्याच्या खात्यात! भाऊ सरळ असेल तर सहा लाख वहिनीच्या स्वाधीन करील. नसेल तर तिने कोर्टात जायचं. बँकेने पैसे देण्याआधी कोर्टाचा मनाई हुकूम आणला तर उत्तम, कारण एकदा पैसे गेले की बँकेशी भांडता येत नाही, दिराशीच भांडावं लागतं. घरात भांडणं लागतात ती इथे.

नॉमिनी मुळीच नसता तर? मोठ्या रकमेला बँक वारसाचा कागद मागते. गोव्यात २०१२ चा वारसा कायदा आहे, २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झालेला. त्याप्रमाणे वाद नसेल तर स्पेशल नोटरीसमोर वारसाचं डीड करता येतं. त्याची जाहीर नोटीस निघते, वर्तमानपत्रात आपण त्या रोज पाहतो. वाद असेल, किंवा कायद्याने वाटणीच करून घ्यावी लागत असेल, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटून देण्याचा दावा. आणि कोणी विचारलंच नाही तर दहा वर्षांनी ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. हक्क जात नाही, बँकेकडे मागता येते. उद्गम या पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं.

बँकेतलं नामांकन प्रत्येक ठेवीचं वेगळं असतं, हे सांगून ठेवतो. बचत खात्यात बायकोचं नाव घातलं म्हणजे जुन्या पावत्यांवर ते आपोआप चढत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात, एकदम टक्क्यांनी किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एकच. फॉर्म दिला की पोच घ्या. पोचेशिवाय फॉर्म म्हणजे टेबलावरचा कागद.

विम्याचं तिसरंच. २०१५ साली सुधारलेल्या विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये आईवडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क आहे असं म्हटलंय. म्हणजे त्यांनी पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचे, असा तो प्रकार नाही. भाऊ त्या यादीत नाही, म्हणून आपल्या उदाहरणातले दहा लाख भावाने वारसांसाठी सांभाळायचे. पण समजा त्याने तिथे भावाऐवजी आईचं नाव घातलं असतं आणि लग्नानंतर बदललं नसतं? मग कलमाच्या शब्दांप्रमाणे दहाही लाख आईचे, बायको-मुलीला दमडी नाही. यावर उच्च न्यायालयांमध्ये मतभेद आहेत, काही जण वारसांचा हक्क मोठा मानतात. तुमच्या सुनेने किंवा मुलीने तो वाद लढावा अशी माझी इच्छा नाही. पॉलिसीवर बदल करायला अर्ज द्यायचा आणि कंपनीने नोंद केल्याचा कागद पॉलिसीला जोडून ठेवायचा. कंपनीचा ग्रुप विमा असेल तर त्याचा फॉर्म पर्सोनेलकडे वेगळा असतो, तोही पाहा.

(श्रोत्यांपैकी एका ताईंचा प्रश्न: मुलगी सहा वर्षांची आहे. तिचं नाव घातलं तर चालतं का?)

चालतं, ताई. पण तिच्यासोबत मोठ्या माणसाचं नाव द्यावं लागतं. विम्यात त्याला अपॉइंटी म्हणतात, पीएफमध्ये पालक, बँकेत ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीने रक्कम घेणारी व्यक्ती. तो रकाना रिकामा सोडू नका. आणि मुलीच्या नावाचं बचत खातं आजच उघडून ठेवा, पीएफचा वाटा थेट त्यात घेता येतो. ती अठराची झाली की मात्र प्रत्येक ठिकाणी जाऊन त्या मोठ्या माणसाचं नाव काढून घ्यायचं.