नालेच्या आकाराची किडनी

नमस्कार श्रोतेहो.

एक रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. अडतीस वर्षांचा एक रिक्षाचालक. डाव्या कुशीत अधूनमधून कळ येते म्हणून सोनोग्राफी करून घेतो. रिपोर्टात डाव्या किडनीत खडा असल्याचं लिहिलेलं असतं, आणि पुढे आणखी एक वाक्य असतं: दोन्ही किडन्यांची खालची टोकं नीट दिसत नाहीत, सीटी स्कॅन करावा. स्कॅनमध्ये कळतं की त्याच्या दोन्ही किडन्या खालच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या आहेत. घोड्याच्या नालेसारखा आकार. इंग्रजीत हिला हॉर्सशू किडनी म्हणतात. तो घाबरून विचारतो, "डॉक्टर, हे कधी झालं?" उत्तर असं की तो आईच्या पोटात जेमतेम दीड महिन्याचा असताना झालं. शरीररचनाशास्त्र शिकवताना माझा सर्वात आवडता धडा हाच आहे, कारण आजच्या त्याच्या दुखण्यातली प्रत्येक गोष्ट त्या दीड महिन्यापर्यंत मागे नेता येते.

आपल्याला एक जोडी किडन्या असतात, पण गर्भात त्यांच्या तीन पिढ्या होतात. पहिली, प्रोनेफ्रॉस, चौथ्या आठवड्यात मानेच्या भागात उगवते. पेशींचे काही पुंजके, एवढंच तिचं रूप. माणसात ती कधीच काम करत नाही आणि काही दिवसांत विरून जाते. बेडकाचं पिल्लू पाण्यात शेपटी हलवत पोहत असतं, तेव्हा त्याची किडनी मात्र हीच असते.

दुसरी, मेसोनेफ्रॉस, तिच्या खाली, छाती आणि कमरेच्या भागात तयार होते. ही थोडे आठवडे खरंच काम करते, थोडं मूत्रही बनवते. दुसरा महिना सरता सरता तिचा बहुतेक भाग नाहीसा होतो. पण तिची एक लांब नळी असते, ती थेट शरीराच्या तळापर्यंत पोहोचलेली असते. मुलगा असेल तर ही नळी टिकते आणि पुढे वीर्यवाहिनी होते. पुरुषांच्या नसबंदीत जी नळी कापून बांधतात, ती मुळात या दुसऱ्या किडनीची नळी आहे. नसबंदीच्या वेळी एका बाजूची नळी मुळातच नाही असं सर्जनला आढळलं, तर तो किडनीची सोनोग्राफी करायला सांगतो. कारण त्या बाजूची किडनीसुद्धा नसण्याची शक्यता असते.

ती का, हे तिसऱ्या किडनीत, म्हणजे मेटानेफ्रॉसमध्ये, कळतं. हीच आपली कायमची किडनी. पाचव्या आठवड्यात त्या नळीच्या तळाशी एक लहानसा कोंब फुटतो. शेजारी पेशींचा एक गोळा वाट पाहत असतो. गोळ्यातून जीडीएनएफ नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि त्याच्या हाकेवर कोंब गोळ्यात शिरतो. मग कोंब गोळ्याला सांगतो, "तू गाळण्या बनव," आणि गोळा कोंबाला सांगतो, "तू फांद्या फोड." कोंबापासून मूत्रवाहिनी आणि मूत्र गोळा करणाऱ्या नळ्या होतात, गोळ्यापासून गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन. दोघांपैकी एकाने जरी साद दिली नाही, तरी त्या बाजूला किडनी होतच नाही. नेफ्रॉन बनण्याचं काम गरोदरपणाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत चालतं. त्यानंतर आयुष्यात नवा नेफ्रॉन तयार होत नाही.

आता आपल्या रिक्षाचालकाकडे येऊ. हे सगळं घडतं ते ओटीपोटात, अगदी खाली. आपल्या किडन्या मात्र बरगड्यांच्या शेवटच्या भागापाशी आहेत. म्हणजे त्या वर आल्या. गर्भाचं कमरेखालचं अंग लांब वाढतं, वाकलेलं शरीर सरळ होतं, आणि किडन्या त्या मानाने वर सरकतात. साधारण नवव्या आठवड्यापर्यंत त्या जागेवर येतात. वाटेत त्या फिरतात. किडनीचं तोंड, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मूत्रवाहिनी जिथे जोडलेल्या असतात ती बाजू, आधी पुढे असतं, ते आतल्या बाजूला वळतं. वाटेत रक्तपुरवठाही बदलत जातो. खालच्या धमन्या सुटतात, वरच्या नव्या जोडल्या जातात. काही जणांत एखादी जुनी धमनी मागे राहते, म्हणून एका किडनीला दोन किंवा तीन धमन्या असणं फारसं दुर्मीळ नाही.

आता दोन्ही मुठी समोर धरा आणि करंगळीकडच्या कडा एकमेकींना टेकवा. प्रवासाच्या सुरुवातीला दोन्ही किडन्या इतक्याच जवळ असतात, दोन नाभिधमन्यांच्या बेचक्यात. तिथे त्यांच्या खालच्या कडा दाबल्या गेल्या तर त्या चिकटतात. दर चारशे ते सहाशे माणसांत एकाला असं होतं, पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त. नालेचा मधला पूल पुढे वर सरकू लागतो, तेव्हा कमरेच्या मणक्यांपाशी त्याच्या वाटेत एक धमनी आडवी येते, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला रक्त देणारी. पूल तिच्याखाली अडकतो. फिरणंही अर्धवट राहतं. म्हणून किडन्या खाली राहतात आणि त्यांची तोंडं पुढेच असतात.

याचा परिणाम काय? मूत्रवाहिनी वरच्या बाजूला जोडली जाते आणि पुलाच्या पुढून, त्याला ओलांडून खाली येते. नेहमीच्या मानाने मूत्राला बाहेर पडायला जास्त अडचण होते. मूत्र साचतं, खडे बनतात, जंतुसंसर्ग होतो. पण सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पुष्कळांना आयुष्यभर काहीच होत नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ती सापडते. टर्नर सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष असलेल्या मुलींमध्ये ही किडनी जास्त आढळते, म्हणून त्यांची किडनीची सोनोग्राफी करतात.

सोनोग्राफीत फसायला होतं. मधला पूल मणक्यांपुढे आतड्यातल्या हवेमागे लपतो, किंवा कुणाला तो गाठ वाटतो. खूण अशी की किडन्यांची खालची टोकं नेहमीसारखी बाहेर न जाता आत, मणक्यांकडे, वळलेली दिसतात. सोनोग्राफी करणाऱ्याने हे पाहिलं म्हणून रिक्षाचालकाला स्कॅन सांगितला गेला.

त्याचा खडा खालच्या कप्प्यात होता, जवळपास दोन सेंटिमीटरचा. बाहेरून ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी फोडला असता तर तुकडे बाहेर पडायला उतार नव्हता, म्हणून पाठीतून छिद्र पाडून दुर्बिणीने काढायचं ठरलं. नेहमी खालच्या टोकातून छिद्र घेतात, पण इथे खालचं टोक मणक्याजवळ वळलेलं. त्यामुळे सर्जनने वरच्या टोकातून वाट काढली. पुलाला रक्त देणाऱ्या धमन्या कुठून येतात याचा नेम नसतो, म्हणून त्यांनी स्कॅनमध्ये धमन्या आधी मोजून घेतल्या. खडा निघाला. किडन्या जोडलेल्याच राहिल्या, कारण पूल नुसता आहे म्हणून कापायचा नसतो.

घरी जाताना त्याला दोन गोष्टी सांगितल्या. भरपूर पाणी प्यावं, आणि पोटावर जोराचा मार बसला, अगदी रिक्षाच्या हँडलचा जरी, तरी लगेच तपासून घ्यावं. पूल मणक्यांच्या अगदी पुढे असतो, बरगड्यांचं संरक्षण त्याला नसतं, आणि मार लागला तर तो मणक्यांवर चेंगरतो. रिपोर्टाची एक प्रत त्याने परवान्याच्या पाकिटात घडी करून ठेवली आहे.