लाट तिरपी आली की काठावर काय धावतं?

(गावच्या वाचनालयातील व्याख्यान, संपादित)

पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावाची पाळ बऱ्याच ठिकाणी सरळ असते, आणि आजच्या विषयाला तेवढंच पुरे. वारा पाळीला तिरपा असला की लाटेचा माथा सगळ्या पाळीवर एकदम आदळत नाही. आधी एका टोकाला लागतो आणि मग फेसाची जागा पाळीच्या कडेने सरकत जाते. ती जागा किती वेगाने धावते, हा आजचा प्रश्न.

आकडे घेऊ. अर्धा किलोमीटर मोकळं पाणी आणि जोराचा वारा असेल, तर साधारण एका सेकंदाला एक लाट येते. खोल पाण्यात अशा लाटेची तरंगलांबी 1.56 मीटर आणि वेग सेकंदाला 1.56 मीटर असतो. माथ्याची रेघ पाळीशी 30 अंशांचा कोन करते असं धरू.

इथे शिकलेली माणसंही एक चूक हमखास करतात. वेगाचा पाळीच्या दिशेचा घटक काढायचा म्हणून 1.56 ला sin 30° ने, म्हणजे अर्ध्याने गुणतात. उत्तर येतं 0.78. पाळीवर मोजायला गेलात तर 3.12 मिळेल, म्हणजे बरोबर चौपट.

रेघांची वही घ्या आणि तिच्यावर पट्टी तिरपी ठेवा. रेघा म्हणजे लाटांचे माथे, पट्टी म्हणजे पाळ. दोन रेघांमधलं लंब अंतर 8 मिलिमीटर असेल आणि पट्टी रेघांशी 30 अंशांत असेल, तर पट्टीवर रेघा 16 मिलिमीटरवर छेदतात. लंब अंतर ही काटकोन त्रिकोणाची बाजू, पट्टीवरचं अंतर हा त्याचा कर्ण. कर्ण लहान कसा असेल? म्हणून लाटेची तरंगलांबी λ आणि माथ्याचा पाळीशी कोन θ धरला, तर पाळीवरची तरंगलांबी λ / sin θ. काठावरच्या कुठल्याही ठिकाणी लाटा सेकंदाला एकच येतात, त्यात बदल नाही. अर्थात लाटेचा वेग c असेल, तर पाळीवरचा वेगही c / sin θ, म्हणजे 3.12.

या वेगाने पाणी मात्र धावत नाही. धावतो तो माथा आणि पाळ यांचा छेदबिंदू. पाण्यावर पडलेलं पळसाचं पान तिथल्या तिथे डुलतं, फार तर हळूहळू वाहतं. लाटेची ऊर्जासुद्धा खोल पाण्यात माथ्याच्या निम्म्याच वेगाने पुढे जाते, आणि तिचा पाळीच्या दिशेचा घटक जेमतेम 0.39. घटक काढायचाच तर तो इथे काढायचा.

मोजायचं कसं? पाळीवर साडेबारा मीटर अंतरावर दोन बांबू रोवा. एकाच माथ्याची फेसाची जागा पहिल्या बांबूला आली की घड्याळ सुरू, दुसऱ्याला आली की बंद. चार सेकंद यायला हवेत. या दोन बांबूंमध्ये एका वेळी चार माथे असतात, त्यामुळे नजर चुकली की भलताच माथा पकडला जातो. एकाने त्या माथ्यासोबत पाळीवरून पळत जावं. ताशी सव्वाअकरा किलोमीटर, तरण्या पोराला जमण्यासारखं आहे. लाटांचा काळ, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचा वेळ, वेगळा काढा: पहिल्या माथ्याला ‘शून्य’ म्हणा आणि वीसपर्यंत मोजा. ‘एक’पासून सुरुवात केली, तर वीसच्या जागी एकोणीसच काळ भरतात.

आता खरी गंमत काठाजवळच्या उथळ पाण्याची. तळ हळूहळू वर येत असेल तर लाट मंदावते आणि वळते. दहा सेंटिमीटर पाण्यात आपल्या लाटेचा वेग 0.92 उरतो, आणि माथा पाळीशी 30 ऐवजी सुमारे 17 अंशच करतो. तरी 0.92 ला sin 17° ने भागा, उत्तर पुन्हा 3.12 च्या जवळपासच येतं. वेग आणि sin θ एकाच प्रमाणात घटतात, त्यामुळे भागाकार हलत नाही. तळाचा उतार पाळीच्या सगळ्या लांबीवर सारखा असला पाहिजे, एवढी अट.

म्हणून काठावर उभं राहून मधल्या पाण्यातला कोन काढता येतो: खोल पाण्यातले 1.56 भागिले काठावर मोजलेले 3.12, म्हणजे 0.5, म्हणजे 30 अंश. फक्त कोन काठावरचा आणि वेग मधल्या पाण्यातला अशी सरमिसळ करू नका, नाहीतर उत्तर 5.3 येईल.

पाळीला उभे दगड लावलेले असतील तर लाट परतते आणि पाण्यावर चौकटी-चौकटी दिसतात. मोजमाप त्याने बिघडत नाही, कारण परतीची लाटही तेवढाच कोन करते आणि पाळीच्या कडेने त्याच वेगाने सरकते.

बिघडतं ते कोन फार लहान असला की. 3 अंशांवर छेदबिंदू सेकंदाला 30 मीटर धावतो. आपले दोन बांबू अर्ध्या सेकंदाच्या आत ओलांडतो, आणि बोटाची चूकच दोन दशांश सेकंदाची असते. बांबू लांब रोवावेत, तर वाऱ्याच्या लाटेचा माथा तेवढा लांब सलग नसतो, मध्येच तुटतो. तलावावर 15 अंशांच्या खाली या मापावर मी फारसा भरवसा ठेवणार नाही.