डोमेन डिझायनरच्या नावावर, पत्र रजिस्ट्रारला

आज मी फक्त एका पत्राबद्दल बोलणार आहे. परिस्थिती तुमच्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल. धंदा सुरू करताना वेबसाइट करून घेतली. डिझायनर म्हणाला, "डोमेनचं मी बघतो." त्याने ते बघितलंही, पण स्वतःच्या खात्यातून आणि स्वतःच्या नावावर. दरवर्षीचे पैसे त्याच्या बिलात लागत राहिले आणि मालक ते भरत राहिले. पुढे दोघांचं काम थांबलं, डिझायनर फोन उचलेनासा झाला, आणि नूतनीकरणाची तारीख तोंडावर आली. मग मालक रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला, पत्र लिहायला बसतात.

माझ्याकडे आलेल्या एका व्यावसायिकांचं पहिलं पत्र साधारण असं होतं: डोमेन माझं आहे, पैसे मी भरले आहेत, त्या माणसाने फसवणूक केली आहे, तरी ते तात्काळ माझ्या नावावर करून द्यावं. सोबत सगळ्या बिलांच्या प्रती. उत्तर दोन ओळींचं आलं. आमच्या नोंदीत आपण नोंदणीदार नाही, कृपया नोंदणीदाराशी संपर्क साधावा. मालक संतापले, आणि ते साहजिक होतं. पण मी त्यांना सांगितलं की रजिस्ट्रार बरोबर आहे.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी वापरायला मिळतं, आणि त्याचा करार रजिस्ट्रार आणि नोंदणीदार, म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो, या दोघांत असतो. पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले, हे त्या करारात कुठेच येत नाही. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार रजिस्ट्रारला नाही, साधनंही नाहीत. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या. दुसऱ्यांची डोमेनं चोरणारे लोक अगदी असंच पत्र लिहितात, तेही बिलं आणि लेटरहेड जोडून. तुमची कळकळ खरी असली तरी समोरच्या कर्मचाऱ्याला दोन्ही पत्रं सारखीच दिसतात. म्हणून "मालकी ठरवा" असं मागणारं पत्र परत येतं. रजिस्ट्रारला जे करता येतं तेवढंच मागणाऱ्या पत्राला उत्तर मिळतं.

तेव्हा लिहिण्याआधी नोंद पाहा. lookup.icann.org वर डोमेन टाकलं की सार्वजनिक नोंद दिसते. 2018 नंतर गोपनीयतेच्या नियमांमुळे व्यक्तीचं नाव आणि पत्ता बहुधा झाकलेला असतो, तरी कामाच्या ओळी उरतात. साधारण अशा:

```
Registrar:
Registry Expiry Date:
Domain Status: clientTransferProhibited
Registrant Organization:
Name Server:
```

पहिल्या ओळीवरून पत्र कोणाला पाठवायचं ते कळतं. डिझायनरने एखाद्या होस्टिंगवाल्याकडून, म्हणजे रिसेलरकडून डोमेन घेतलेलं असू शकतं. तरी नोंद ज्याच्याकडे आहे तो रजिस्ट्रार इथे दिसतो. clientTransferProhibited पाहून घाबरू नका, ते डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावरचं रोजचं कुलूप आहे आणि बहुतेक डोमेनांना लावलेलंच असतं. खरी ओळ आहे Registrant Organization, म्हणजे नोंदणीदार संस्थेचा रकाना. तिथे तुमच्या व्यवसायाचं नाव असेल तर प्रकरण एका रस्त्याने जातं, डिझायनरचं असेल तर दुसऱ्या.

पुष्कळ डिझायनर फॉर्म भरताना नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि ईमेल टाकतात, पण संस्थेच्या रकान्यात ग्राहकाचं नाव लिहितात. तसं झालं असेल तर नोंदणीदार तुमची संस्था आहे, असं तुम्हाला ठामपणे म्हणता येतं. मग प्रश्न मालकीचा राहत नाही, खात्यात शिरण्याचा होतो. त्यासाठी बहुतेक रजिस्ट्रारांची ठरलेली पद्धत असते: व्यवसायाच्या नोंदणीचा दाखला, अधिकृत व्यक्तीचं ओळखपत्र, सही केलेला अर्ज. आता अडचण अशी की हा रकानाही कधीकधी झाकलेला असतो. म्हणून पत्रात तोच प्रश्न विचारायचा.

त्या व्यावसायिकांचं दुसरं पत्र आम्ही एकत्र बसून लिहिलं. सुरुवातीला डोमेन, मुदत संपण्याची तारीख, आणि एकच वाक्य: "हे डोमेन आमच्या व्यवसायासाठी आमच्या पूर्वीच्या डिझायनरने नोंदवले असून खाते त्यांच्या ताब्यात आहे." फसवणूक हा शब्द काढला. तो खरा की खोटा हे ठरवायचं ठिकाण ते नव्हे, आणि तो वाचला की पत्र आपोआप कायदा विभागाच्या टेबलावर जातं. पुढचा परिच्छेद असा होता:

"नोंदणीदाराची वैयक्तिक माहिती आम्ही मागत नाही. मालकीचा निर्णय आपण द्यावा अशीही विनंती नाही. आपल्या नोंदीत संस्थेच्या रकान्यात आमच्या व्यवसायाचे नाव आहे का, एवढेच कळवावे. असल्यास खाते परत मिळवण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील ते सांगावे. नसल्यास सोबतचा निरोप नोंदणीदाराला त्यांच्या नोंदवलेल्या ईमेलवर पाठवावा. तसेच खात्यात प्रवेश नसताना नूतनीकरणाचे शुल्क भरण्याची सोय आपल्याकडे आहे का, हेही कळवावे."

या मागण्यांपैकी एकीसाठीही रजिस्ट्रारला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. होय, नाही, पाठवलं, इतकंच. बिलांचा गठ्ठा आम्ही जोडला नाही. "मागितल्यास सादर करू" असं लिहिलं. फक्त एक बिल जोडलं, ज्यात डोमेनचं नाव आणि "नूतनीकरण" हे शब्द एकाच ओळीत होते. वीस बिलांत ती ओळ हरवली असती.

पत्र कोणत्या ईमेलवरून पाठवायचं, हे मजकुराइतकंच महत्त्वाचं आहे. मालकांचा नेहमीचा पत्ता त्याच डोमेनवर होता. आता विचार करा. खातं डिझायनरच्या हातात, म्हणजे डोमेनचं ईमेल कुठल्या सर्व्हरला जावं हे ठरवणंही त्याच्याच हातात. त्याने ते वळवलं, तर रजिस्ट्रारचं उत्तर तुमच्याआधी तो वाचेल. वळवलं नाही आणि डोमेन बंद पडलं, तर उत्तर कोणालाच मिळणार नाही. म्हणून पत्र दुसऱ्या पत्त्यावरून गेलं, आणि त्याआधी साइटची पूर्ण प्रत आणि डीएनएसच्या, म्हणजे डोमेनची साइट आणि ईमेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदी उतरवून ठेवल्या.

एक हमखास सुचवला जाणारा सल्ला मी इथे मोडून काढतो. लोक म्हणतात, नोंदीतली माहिती चुकीची आहे अशी तक्रार करा, म्हणजे रजिस्ट्रारला हलावंच लागेल. हलेल, हे खरं. आयकॅन ही रजिस्ट्रारांना मान्यता देणारी संस्था, आणि तिच्या करारानुसार अशा तक्रारीनंतर त्याने नोंदणीदाराकडून माहिती पडताळून घ्यायची असते, आणि नोंदणीदाराने 15 दिवसांत उत्तर दिलं नाही तर डोमेन स्थगित होऊ शकतं. उत्तर कोणी द्यायचं आहे? जो फोन उचलत नाही त्यानेच. म्हणजे बंद पडणार ती तुमची साइट आणि तुमचं ईमेल. नोंद मात्र त्याच्याच नावावर राहणार.

दुसरी चुकीची आशा: मुदत संपू दे, सुटलं की आपण घेऊ. मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा आठवणी जातात, पण त्या नोंदणीदाराला. संपल्यावरही डोमेन लगेच सुटत नाही. बरेच रजिस्ट्रार ते मधल्या काळात लिलावात काढतात. रद्द झालंच तर डॉट कॉमसारख्या डोमेनांना पुढे 30 दिवसांचा परत मिळवण्याचा काळ असतो. तोही जुन्या नोंदणीदारासाठीच. मग 5 दिवसांनी ते सर्वांसाठी खुलं होतं, आणि त्या क्षणाला टपून बसलेले प्रोग्राम तुमच्याआधी पोहोचतात. म्हणून पत्रातला नूतनीकरणाचा प्रश्न. काही रजिस्ट्रार कोणाकडूनही शुल्क घेतात. त्याने मालकी मिळत नाही, वेळ मिळतो. त्या प्रकरणात तो मिळाला.

उत्तर आलं. संस्थेच्या रकान्यात व्यवसायाचं नाव नव्हतं. शुल्क स्वीकारलं गेलं आणि निरोप पुढे पाठवला गेला. तो निरोप आम्ही मुद्दाम सौम्य ठेवला होता. त्यात आरोप नव्हता. डोमेन वर्ग करायचं आहे, काही देणं राहिलं असेल तर कळवावं, एवढंच. आणि तिथेच गाठ सुटली. डिझायनरचं उत्तर आलं: शेवटच्या कामाचे पैसे बाकी आहेत. होते, थोडे. अशा प्रकरणांत हे मी वारंवार पाहतो. गप्प बसलेला डिझायनर क्वचितच चोर असतो. बहुधा तो वसुलीची वाट पाहत असतो, किंवा त्याने जुनी ईमेलं पाहणंच सोडलेलं असतं.

हिशेब मिटला. मग आम्ही डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेलं नाही. त्याच रजिस्ट्रारकडे मालकांचं नवं खातं काढलं आणि डिझायनरने डोमेन त्या खात्यात सरकवलं. नोंदणीदाराचं नाव बदलताना जुना आणि नवा अशा दोघांचीही संमती लागते. ईमेलवर आलेल्या दुव्यावर दोघांनी होकार द्यायचा. एक जण गप्प राहिला तर बदल होत नाही. असा बदल झाल्यावर रजिस्ट्रार 60 दिवस दुसरीकडे नेण्यावर बंदी घालू शकतो, त्यामुळे ज्यांना दोन्ही करायचं आहे त्यांनी आधी नाव बदलायचं की आधी रजिस्ट्रार, हे विचारून घ्यावं.

आणि डिझायनरने नकारच दिला असता तर? मग पत्रांचं काम संपलं असतं. आयकॅनची यूडीआरपी नावाची तक्रार पद्धत 1999 पासून आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचापुढे पाच डोमेनांपर्यंतच्या तक्रारीचं शुल्क 1500 डॉलर आहे. पण तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन तुमच्या व्यापारचिन्हाशी सारखं किंवा गोंधळ होण्याइतकं मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं. तिसरी गोष्ट डिझायनरच्या प्रकरणात अडते, कारण नोंदवलं तेव्हा त्याने ते तुमच्याच सांगण्यावरून नोंदवलं होतं. काही पंच हा दोघांमधला कराराचा वाद आहे असं म्हणून तक्रार फेटाळतात. तेव्हा उरतं न्यायालय. रजिस्ट्रारला बंधनकारक असलेला आदेश हातात असला की पत्र अगदी छोटं होतं. आदेश क्रमांक, तारीख, डोमेन, आणि कोणत्या खात्यात टाकायचं ते. डॉट कॉमसारख्यांबद्दलचं हे सगळं झालं. देशांच्या स्वतःच्या डोमेनांचे नियम त्या त्या देशाची नोंदणी संस्था ठरवते, तेव्हा तिथे पहिलं पत्र लिहिण्याआधी तिचे नियम वाचा.