उताराला दिलेलं किंचित वळण

पडद्यावर दोन समीकरणं आहेत: 3x + y = 5 आणि x + 2y = 5. उत्तर तोंडी सुटतं, x = 1, y = 2. तरी आपण ते जरा लांबच्या वाटेनं, कॉन्जुगेट ग्रेडियंट पद्धतीनं, शोधू, कारण समीकरणं लाखांनी असली की हीच वाट जवळची ठरते.

या समीकरणांतल्या गुणकांची मॅट्रिक्स A सममित आणि धन-निश्चित आहे, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजू सारख्या आणि शून्य नसलेल्या कोणत्याही दिशा p साठी pᵀAp धनच. त्यामुळे त्यांच्यातून वाटीसारखा एक पृष्ठभाग तयार होतो, आणि वाटीचा तळ म्हणजे आपलं उत्तर.

सुरुवात (0, 0) पासून करू. इथला सर्वांत तीव्र उतार (5, 5) या दिशेला आहे. त्या रेषेवर जितकं खाली जाता येईल तितकं गेलं की आपण (10/7, 10/7) वर पोचतो. आता उतार (−1, 1) कडे दिसतो. त्याच्या मागे गेलो तर तळ हुकतो आणि वाटीत नागमोडी फिरणं सुरू होतं.

मॅग्नस हेस्टेन्स आणि एडुआर्ड श्टीफेल यांना इथे एक वळण सुचलं, दोघांनाही स्वतंत्रपणे. 1952 साली त्यांनी ते एकत्र प्रसिद्ध केलं. नव्या उतारात मागच्या दिशेचा थोडासा अंश मिसळायचा. आपल्या उदाहरणात तो फक्त 1/49 आहे. तेवढ्यानं दिशा (−3, 4) होते. तिचा सातवा भाग चाललं की आपण थेट (1, 2) वर! हा अंश असा निवडलेला असतो की दुसरं पाऊल पहिल्या पावलाची कमाई मोडत नाही. अशा दिशांना संयुग्म म्हणतात.

म्हणजे लाख अज्ञातांना लाख पावलं? कागदावर तशी हमी आहे, पण तिचा उपयोग थोडा. खरी गंमत आयगेनव्हॅल्यूंमध्ये आहे, म्हणजे मॅट्रिक्स आपल्या खास दिशांना किती पट ताणते त्या आकड्यांमध्ये. k पावलांत ही पद्धत k घाताची अशी बहुपदी आपणहून वापरते, जी शून्यावर 1 असते आणि आयगेनव्हॅल्यूंवर शक्य तितकी लहान. वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यू तीनच असतील, तर तिन्हींवर शून्य होणारी त्रिघाती बहुपदी सापडते. अज्ञात कितीही असोत, तीन पावलांत काम होतं. त्या विखुरलेल्या असल्या, पण सर्वांत मोठी सर्वांत लहानीच्या 100 पट असली, तरी ऊर्जेच्या मापातली, म्हणजे तळापासूनच्या उंचीच्या वर्गमुळानं मोजलेली चूक सुरुवातीच्या दशलक्षांशावर आणायला 73 पावलं पुरतात. नुसत्या उतारामागे गेल्यास हमी सुमारे 700 पावलांची.

संगणकावर मात्र प्रत्येक आकडा थोडा कापला जातो, दिशांचं संयुग्मपण हळूहळू ढळतं आणि पावलं वाढतात. शिवाय चालता चालता अद्ययावत केलेला उरलेला फरक खऱ्या फरकापासून दूर सरकू शकतो. म्हणून मधूनमधून तो फरक b − Ax, म्हणजे उजवीकडचे आकडे वजा डाव्या बाजूची किंमत, नव्यानं काढून पाहावा. आणि दिशा p साठी pᵀAp शून्य किंवा ऋण आलं, तर तिथेच थांबावं: मॅट्रिक्स धन-निश्चित नाही, वाटीला तळच नाही.