लायसन्सच्या मागच्या बाजूची तारीख

मंडळी, आपापलं लायसन्स बाहेर काढा आणि उलटं करा. मागे एक तक्ता आहे. त्यात कुठे MCWOG असेल, म्हणजे बिनगिअरची दुचाकी. कुठे MCWG, म्हणजे गिअरची मोटारसायकल. कुठे LMV, म्हणजे हलकं वाहन, आपली मोटार. ट्रक किंवा बस चालवणाऱ्याच्या कार्डावर TRANS असतं. प्रत्येक वर्गासमोर तो वर्ग कधी मिळाला ती तारीख छापलेली आहे. आजचं माझं बोलणं मुख्यतः त्या तारखेविषयी आहे.

आधी एक गैरसमज काढतो. मोटारीचं लायसन्स मोठं, म्हणून त्यात दुचाकी आलीच, असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. टेस्ट ज्या वर्गाची दिली, तोच वर्ग लायसन्सवर चढतो. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स असलं की स्कूटर चालवता येते, पण स्कूटरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवली तर कायद्याच्या दृष्टीने तुमच्याकडे त्या गाडीचं लायसन्सच नाही. त्याला 2019 च्या दुरुस्तीपासून पाच हजारांचा दंड आहे. अपघात झालाच, तर विमा कंपनी आधी हाच तक्ता बघते.

आता माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याला ट्रकवर नोकरी मिळत होती आणि मालकाने ‘ट्रान्सपोर्ट चढवून आण’ म्हणून सांगितलं होतं. तो ऑगस्ट 2024 मध्ये माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, माझं लायसन्स 2017 चं आहे, एक वर्षाची अट कधीच पूर्ण झाली.” कार्ड उलटं केलं. 2017 ही तारीख MCWG समोर होती. LMV समोर होती 5 मार्च 2024. त्याने मोटार नंतर चढवली होती आणि तो तारीख मोजत होता मोटारसायकलची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 7 प्रमाणे हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं नुसतं लर्निंगसुद्धा मिळत नाही. त्याची सात वर्षं या हिशोबात धरलीच जात नाहीत. वयाची वीस वर्षांची अट मात्र त्याची केव्हाच पूर्ण झाली होती.

तो थांबला. मार्च 2025 उजाडल्यावर त्याने sarathi.parivahan.gov.in वर लर्निंगचा अर्ज भरला. हे लक्षात घ्या, जुनं लायसन्स असलं तरी नव्या वर्गासाठी लर्निंगपासूनच सुरुवात करावी लागते. ट्रान्सपोर्टसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 1ए, आणि ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, फॉर्म 5, दोन्ही लागतात. लर्निंग 10 मार्चला मिळालं. तीस दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही, आणि सहा महिन्यांनी लर्निंग संपतं. म्हणजे टेस्टसाठी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुदत. मी त्याला मुद्दाम मे महिन्यातली वेळ घ्यायला लावली, कारण नापास झालं की सात दिवस थांबावं लागतं, आणि तीनदा नापास झालं की साठ दिवस. शेवटच्या आठवड्यावर ठेवलं असतं, तर एका चुकीने लर्निंगच हातचं गेलं असतं.

खर्च केंद्राच्या नियमाप्रमाणे: लर्निंगचे 150, टेस्टचे 300, वर्ग चढवण्याचे 500. कार्डाचे पैसे वेगळे. टेस्टची गाडी त्याच वर्गाची लागते. मोटारसायकल चढवायची असेल तर गिअरची गाडी घेऊन जा. स्कूटर नेली तर टेस्ट होणार नाही.

त्याच्या कार्डावर आता दोन मुदती आहेत. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची, आणि मोटार-मोटारसायकलची त्याहून लांबची. ट्रान्सपोर्टची संपली तर मोटार चालवता येते, पण ट्रक बंद. कार्डावरची लांबची तारीख बघून निर्धास्त राहणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, म्हणून हे सांगतोय.

आणि ट्रान्सपोर्ट चढवायलाच हवं का? मालाचा छोटा टेम्पो चालवायचा असेल, तर बहुतेकदा नको. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोंपर्यंत एकूण वजनाचं व्यावसायिक वाहन LMV च्या लायसन्सवर चालतं. हे वजन मालासकट धरतात आणि ते आरसी बुकात लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीचं वजन बघून फसू नका. घातक माल, ई-रिक्षा यांचे नियम वेगळे आहेत. माझ्या त्या मुलाचा ट्रक सोळा टनी होता, त्याला वर्ग चढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. परवा त्याने मला फोन केला, मालकाच्या धाकट्या मुलाला तेच हवं होतं. मी पहिलं विचारलं, LMV समोरची तारीख काय आहे ते वाचून दाखव.