सकाळची गोळी आधी

संध्याकाळचे सहा. आजी पलंगाच्या कडेला बसून पदराचं टोक चाळवतायत. आठ महिन्यांपूर्वी याच वेळेला त्या दाराची कडी ओढत ओरडायच्या. अंघोळ घालायला गेलेल्या सुनेला चापट बसायची. अशा अनेक घरांवरून रचलेलं हे एक घर.

अल्झायमरचं निदान आधीच झालं होतं. डॉक्टरांनी रिस्पेरिडोन हे मनोविकारविरोधी औषध सुरू केलं, अर्धा मिलिग्रॅम सकाळी, अर्धा रात्री. ओरडणं थांबलं. गोळी मात्र तशीच चालू राहिली, कारण ती थांबवायची कधी हे कुणी विचारलंच नाही.

पुढे आजी पाय घासत चालू लागल्या, दुपारभर पेंगू लागल्या, पाणी पिताना ठसका लागू लागला. सगळे म्हणाले, वय झालं. त्यात गोळीचाही हात असू शकत होता.

2009 साली ब्रिटिश सरकारसाठी मानसोपचारतज्ज्ञ सुबे बॅनर्जी यांनी एक हिशेब मांडला. तिथे स्मृतिभ्रंशाचे सुमारे 1,80,000 रुग्ण वर्षभरात अशी मनोविकारविरोधी औषधं घेत होते. फायदा साधारण 36,000 जणांना. औषधामुळे पक्षाघातासारखे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे झटके 1,620 जणांना, आणि जादा मृत्यू 1,800. म्हणजे पाचांतल्या चौघांना जोखीम तेवढी मिळत होती.

मग सगळ्यांचीच बंद करावी? तसंही नाही. 2012 मध्ये अमेरिकेत रिस्पेरिडोनने बरं वाटलेल्या रुग्णांची चाचणी झाली. गोळी काढून नुसती साखरेची दिली, तर सोळा आठवड्यांत साठ टक्के रुग्णांचा त्रास परतला. गोळी चालू असलेल्यांत तेहतीस टक्क्यांचा. पण हाच आकडा उलटा वाचा. चाळीस टक्के जण गोळीशिवायही ठीक राहिले. आजी कुठल्या गटात, हे गोळी कमी करून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

त्यांच्या डॉक्टरांनी आधी सकाळची गोळी काढली. त्रास संध्याकाळचा, म्हणून रात्रीची राहिली. दोन आठवड्यांनी रात्रीची निम्मी, आणखी दोन आठवड्यांनी तीही बंद. घरी स्वतःच्या मनाने करायचं हे काम नव्हे.

सुनेने फ्रिजवर एक कागद लावला: तारीख, वेळ, काय झालं, त्याआधी काय घडलं होतं. तिसऱ्या आठवड्यात आजी पुन्हा ओरडल्या. घरात एकच सूर, गोळी वाढवा. डॉक्टरांनी कागद मागवला. चार दिवस शौचाला झालेलं नव्हतं. बद्धकोष्ठावर उपाय केला, आणि ओरडणं दोन दिवसांत ओसरलं.

रोज मारहाण किंवा घाबरवणारे भास परत आले असते, तर तीच गोळी कमीत कमी मात्रेत पुन्हा द्यायचं आधीच ठरलं होतं. तशी वेळ आली नाही. शेवटच्या गोळीनंतरही चार महिने, दर महिन्याला तपासणी आहे. कागद अजून फ्रिजवरच आहे. कालची नोंद: सव्वासहा वाजता कडी ओढली, चहा दिला, बसल्या.